एकट्या विद्यार्थ्यासाठी सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठ: संहिता कशी लिहावी

वर्गात शिकवताना आपण प्रश्न विचारतो, समोरच्या चेहऱ्यांकडे बघतो आणि पुढचं वाक्य त्यावरून ठरवतो. रेकॉर्ड केलेल्या पाठात समोर कोणी नसतं. गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीत आठवीतली मुलगी संध्याकाळी वडिलांचा फोन घेऊन बसते. तिला अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं आणि ती अडली आहे हे आपल्याला कळतही नाही. म्हणून तिच्या मनात येऊ शकणारा प्रत्येक महत्त्वाचा अडथळा आधीच ओळखून संहितेत बसवावा लागतो. हे कसं करायचं ते मी एकाच पाठावरून सांगते. पाठ आठवीच्या गणितातला, शेकडेवारीचा आहे: किंमत वीस टक्क्यांनी वाढवली, मग वीस टक्क्यांनी उतरवली, तर मूळ किंमत परत येते का?

आधी चूक शोधा, मग पाठ ठरवा

नवीन शिक्षक बहुधा ‘सूट व शेकडेवारी’ असा अख्खा भाग घेऊन बसतात आणि पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ करतात. मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक सर्वसाधारणपणे सहा मिनिटांच्या आसपासच टिकतात. ते प्रेक्षक शाळकरी मुलं नव्हती, त्यामुळे सहा हा आकडा नियम म्हणून घेऊ नका. पण एका पाठात एकच गोष्ट बसते, एवढं त्यातून नक्की घ्या.

ती एक गोष्ट निवडायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मुलांच्या वह्या. वीस टक्के वाढ आणि वीस टक्के घट या उदाहरणात बहुतेक मुलं ‘तेवढीच किंमत’ असं लिहितात. काही जण वीस टक्के म्हणजे वीस रुपये धरतात. या दोन चुका हाताशी आल्या की पाठाचं हाड तयार झालं. पाठाचा हेतू एका वाक्यात लिहा: ‘पाठ संपल्यावर मूल सांगू शकेल की दुसऱ्या वेळी टक्के नवीन किमतीवर काढायचे असतात.’ या वाक्यात न बसणारं सगळं बाजूला ठेवा. सहाशेवरून पुन्हा पाचशेवर यायला नेमकी किती टक्के सूट लागेल, हा फार सुंदर प्रश्न आहे. त्याचं उत्तर १६ पूर्णांक २/३ टक्के. मलाही तो सोडून द्यावासा वाटत नाही, पण तो या पाठात घ्यायचा नाही. तो पुढचा पाठ आहे.

पहिला रकाना विद्यार्थ्याचा

संहितेसाठी कागदावर चार रकाने आखा: वेळ, विद्यार्थी काय करतो, काय ऐकू येतं, पडद्यावर काय दिसतं. यातला विद्यार्थ्याचा रकाना आधी भरा. बहुतेक जण बोलण्याचा रकाना आधी लिहितात आणि मग त्यात कुठेतरी ‘थोडा विचार करा बरं का’ असं घुसवतात. तसं केलं की मूल श्रोता होतं, त्याची पेन्सिल हलत नाही. विद्यार्थ्याचा रकाना आधी लिहिला की प्रश्न सरळ होतो: या सहा मिनिटांत त्याच्या वहीवर काय उमटलं पाहिजे?

आपल्या पाठात वहीवर तीन ओळी उमटायला हव्यात. पहिली अंदाजाची, दुसरी हिशेबाची, तिसरी नवीन उदाहरणाची. या तीन ओळी ठरल्या की बाकीचं बोलणं त्यांच्या अवतीभवती बसतं. पाठाचा आराखडा असा:

| वेळ | विद्यार्थी काय करतो | आपण काय करतो |
|---|---|---|
| ०:०० ते ०:२५ | ऐकतो | प्रसंग आणि प्रश्न |
| ०:२५ ते ०:४५ | अंदाज लिहितो | शांतता |
| ०:४५ ते १:३५ | सोबत बघतो | भाववाढीचा हिशेब |
| १:३५ ते २:२० | सूट काढतो | शांतता |
| २:२० ते ३:२० | उत्तर ताडून बघतो | उत्तर आणि दोन चुका |
| ३:२० ते ४:२० | आकृती बघतो | कारण |
| ४:२० ते ५:२० | नवीन उदाहरण सोडवतो | शांतता |
| ५:२० ते ६:०० | तपासतो | उत्तर आणि पुढे काय |

बेरीज करून बघा. बोलणं २३५ सेकंद, शांतता १२५ सेकंद. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वेळ आपण गप्प आहोत. नवख्या माणसाला हे फार वाटतं. वर्गातसुद्धा आपण थांबत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या प्रश्नोत्तरांची वेळ मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलायला लागतात, असं तिला दिसलं. तोच थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला तरी मुलांची उत्तरं लांब आणि जास्त नेमकी झाली. कॅमेऱ्यासमोर तर शांतता चूक झाल्यासारखी वाटते, म्हणून आपण ती आणखी कापतो. संहितेत सेकंद लिहून ठेवले की कापायचा मोह होत नाही.

शब्द मोजायचे, अंदाज नाही करायचा

स्वतःचा बोलण्याचा वेग आधी काढा. पाठ्यपुस्तकातलं एक पान, शिकवताना बोलतो तसं, फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि शब्द मोजा. भाषणाच्या वेगात नको, घाईतही नको. समजा ११० शब्द आले. मग २५ सेकंदांत ४६ शब्द बसतात, ५० सेकंदांत साधारण ९०, आणि साठ सेकंदांत ११०. सगळ्या बोलण्यासाठी मिळून सुमारे ४३० शब्द मिळाले. एवढ्यात पाठ मावत नसेल तर वेग वाढवू नका, मजकूर कापा.

गणिताच्या पाठात एक अडचण हमखास येते. ‘६००’ हा मोजताना एक शब्द आणि बोलतानाही एक शब्द. पण ‘₹ १,२४५’ कागदावर एक दिसतो आणि तोंडातून ‘एक हजार दोनशे पंचेचाळीस रुपये’ असे पाच शब्द बाहेर पडतात. म्हणून ‘काय ऐकू येतं’ या रकान्यात सगळे आकडे अक्षरांत लिहा. हिशेबही बरोबर येतो आणि वाचताना अडखळायलाही होत नाही. पडद्यावर मात्र आकडेच दाखवा, आणि ते मुलांच्या पुस्तकात जसे छापले आहेत तसेच.

पहिल्या २५ सेकंदांचं बोलणं असं:

> चप्पल लाइनमधल्या एका दुकानात कोल्हापुरी पायताणाचा जोड पाचशे रुपयांना आहे. दिवाळीत दुकानदारानं भाव वीस टक्क्यांनी वाढवला. दिवाळी संपल्यावर वाढलेला भाव वीस टक्क्यांनी उतरवला. आता तो जोड कितीला मिळेल? पाचशेलाच, पाचशेपेक्षा कमी, की जास्त? नुसता अंदाज कर आणि वहीत एक शब्द लिही. घंटा वाजली की वर बघ.

हे ४६ शब्द आहेत. ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या पाठात आपण पाहणार आहोत’ हे यात नाही. एकट्या मुलासमोर ते वाक्य वायाच जातं. शिवाय समोर एकच मूल आहे, म्हणून ‘मुलांनो’ नको, सरळ ‘तू’ म्हणा. फक्त ‘थांबलास का’, ‘समजलीस ना’ अशी क्रियापदं टाळा, कारण ऐकणारा मुलगा आहे की मुलगी हे आपल्याला माहीत नाही. ‘लिही’, ‘बघ’, ‘तुझं उत्तर किती आलं’ अशा रचनेत ती अडचणच येत नाही. आणि लिहिताना बोलण्यासारखं लिहा. ‘वाढविण्यात आला’ असं संहितेत असेल तर माइकसमोर तुम्ही बातम्या वाचायला लागता.

पडद्यावरची सूचना

पडद्यावर येणारी सूचना म्हणजे शिक्षकाचा हात आहे. तो हात नेहमी एकाच जागी आणि एकाच रंगात दिसू द्या. वरच्या भागात पिवळी पट्टी आली की ‘आता माझी पाळी’ हे पाठ संपायच्या आत मुलाच्या अंगवळणी पडतं. पट्टी वरच का, यालाही कारण आहे. फोनवर व्हिडिओ थांबवला की बऱ्याच ॲपमध्ये पडदा मंद होतो, मध्यभागी बटणं येतात आणि खाली वेळेची रेघ येते. नेमका मूल थांबतं तेव्हाच मधला आणि खालचा मजकूर झाकला जातो. प्रश्न वर असेल तर थांबवल्यावरही वाचता येतो.

सूचनेत एकच काम असावं आणि ते वहीवर दिसणारं असावं. ‘विचार करा’ ही सूचना नव्हे, कारण विचार केला की नाही हे त्या मुलालाही सांगता येत नाही. दुसऱ्या थांब्याची पट्टी अशी लिहा:

> ६०० वर २० टक्के सूट.
> वहीत लिही: आता किंमत = ?

एवढंच. त्याच वेळी तुम्ही बोललेलं सगळं वाक्य पडद्यावर टाकू नका. कानाने तेच ऐकायचं आणि डोळ्यांनी तेच वाचायचं, यात मुलाचं लक्ष फुटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पडद्यावर आकडे आणि आकृती, आवाजात स्पष्टीकरण, अशी वाटणी ठेवा. ज्या मुलांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी चालू-बंद करता येणारी उपशीर्षकं वेगळी जोडा.

अक्षर किती मोठं हवं, हे संगणकावर ठरवू नका. पट्टी फोनवर घ्या, फोन हात लांब करून धरा आणि ‘टक्क्यांनी’ हा शब्द वाचून बघा. त्यातलं जोडाक्षर, वेलांटी आणि अनुस्वार स्पष्ट दिसले तर बाकी सगळं दिसेल. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवणार असाल तर तो दाबला जातो आणि बारीक अक्षर सगळ्यात आधी बिघडतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा राहतो, पण फाइल मोठी जाते. ज्यांच्याकडे डेटा मोजका आहे त्यांचा विचार करून मी दाबलेलीच प्रत पाठवते आणि अक्षर ठळक ठेवते.

थांबा किती सेकंदांचा

हिशेब तुम्ही स्वतः करून वेळ लावू नका. तुमचा हात सरावलेला आहे. दोन-तीन मुलांना तेच उदाहरण कागदावर द्या आणि घड्याळ लावा. सगळ्यात हुशार मुलाचा वेळ सोडा, सावकाश पण नीट करणाऱ्याचा वेळ घ्या. पहिल्या अंदाजाला वीस सेकंद पुरतात, कारण एकच शब्द लिहायचा आहे. सहाशेचे वीस टक्के काढून वजा करायला पंचेचाळीस. तिसऱ्या, नवीन उदाहरणाला साठ.

‘इथे व्हिडिओ थांबवा’ एवढं म्हणून पुढे जाणं पुरत नाही. घरातल्या मोठ्यांचा फोन असेल तर काही मुलं तो सारखा हाताळत नाहीत, काहींना थांबवायचं लक्षातच येत नाही, आणि मग उत्तर आपोआप समोर येतं. म्हणून शांतता व्हिडिओतच भरा आणि ज्यांना जास्त वेळ हवा त्यांना थांबवू द्या. दोन मिनिटांहून जास्त लागणारं काम असेल, समजा कंपास घेऊन त्रिकोण काढायचा, तर मात्र व्हिडिओचे दोन भाग करणं बरं.

या शांततेत संगीत घालू नका. पण अगदी स्थिर चित्र आणि शून्य आवाज ठेवला तर मुलाला वाटतं की नेट गेलं. म्हणून पिवळ्या पट्टीखाली सावकाश आखडत जाणारी एक रेघ ठेवा. दहा, नऊ, आठ असे आकडे नकोत, त्यांनी घाई होते. आणि शेवटी हलकी घंटा हवीच, कारण मूल खरंच काम करत असेल तर त्याचे डोळे वहीत आहेत. पडद्यावर काही बदललं हे त्याला दिसणार नाही, ऐकूच यायला हवं.

घंटेनंतरचं बोलणं

माझ्या मते पाठाचा खरा कस इथे लागतो. उत्तर सांगून पुढे जाणं सोपं आहे. पण ज्याचं चुकलं ते मूल आता एकटं आहे, आणि आपलं चुकलं एवढंच त्याला कळलं आहे. का चुकलं हे त्याला आपणच सांगायचं. आधी शोधलेल्या दोन चुका इथे उपयोगी पडतात:

> उत्तर चारशेऐंशी. तुझं पाचशे आलं असेल, तर दुसऱ्यांदाही तू पाचशेचेच वीस टक्के काढलेस. पण सूट देताना दुकानात पाटी सहाशेची होती. सहाशेचे वीस टक्के एकशेवीस, म्हणून सहाशेतून एकशेवीस गेले. तुझं पाचशेऐंशी आलं असेल, तर वीस टक्के म्हणजे वीस रुपये धरलेस. वर लिहिलेल्या वेळेवर मागे जा, तिथे टक्के काढायची रीत आहे.

‘वर लिहिलेल्या वेळेवर’ म्हणताना पडद्यावर ‘०:४५’ दिसतं. ही वेळ आवाजात बोलू नका. संपादनात पाच सेकंद इकडे-तिकडे झाले तर पट्टी बदलता येते, आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. पट्टीवरची वेळही अगदी शेवटी, व्हिडिओ तयार झाल्यावर भरा.

त्यानंतरचं एक मिनिट कारणाचं. पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या येतात, पहिली ५०० ची, दुसरी ६०० ची, दोन्ही एकाच मापाने काढलेल्या. वीस टक्के म्हणजे पाचवा भाग, म्हणून दोन्हींचे पाच-पाच तुकडे करा. पहिलीचा तुकडा १०० चा, दुसरीचा १२० चा. वाढ झाली ती छोट्या तुकड्याएवढी, घट झाली ती मोठ्या तुकड्याएवढी. हे दोन तुकडे उचलून एकाखाली एक ठेवा आणि चार सेकंद गप्प राहा. वीस रुपयांचा फरक मुलाला डोळ्यांनी दिसतो. ते चार सेकंदही संहितेत लिहा.

तिसऱ्या थांब्याला आकडे बदला, प्रसंगही बदला: १००० रुपयांची सायकल दुरुस्ती, दर १० टक्क्यांनी वाढला, मग १० टक्क्यांनी उतरला. १००० चे ११००, आणि ११०० चे ९९०. इथे ९९० आलं तर मुलाला मुद्दा कळला आहे. १००० आलं तर पट्ट्यांच्या आकृतीवर, म्हणजे ३:२० वर पाठवा. दुसरंच काही आलं, तर वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढून उद्या शिक्षकांना दाखवायला सांगा. प्रत्येक चूक संहितेत धरता येत नाही. ती कुठे घेऊन जायची, हे मात्र सांगता येतं.

रेकॉर्डिंग

आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर त्यावर बसवा. जुलैत पत्र्याच्या छताखाली बसाल तर पावसापुढे काही ऐकू येणार नाही. पहाटे उघडीप असताना बसा. खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगा, बराच फरक पडतो. तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करा, म्हणजे आराखड्यातल्या प्रत्येक बोलण्याची वेगळी फाइल होईल. एखादी फाइल ठरलेल्या वेळेपेक्षा पाच-सात सेकंदांनी लांबली तर मजकुरातलं एक वाक्य काढा आणि तेवढीच फाइल पुन्हा करा.

एका मुलासमोर चालवून बघा

सगळ्यांना पाठवण्याआधी एका मुलाला फोन, वही आणि पेन द्या आणि त्याच्या बाजूला, जरा मागे बसा. काही विचारू नका, मदत करू नका. तीन जागी लक्ष ठेवा. पिवळी पट्टी आल्यावर पाच सेकंदांत पेन हललं का? हललं नाही तर सूचना कळलेली नाही. बहुतेक वेळा त्या पट्टीत दोन कामं एकत्र आलेली असतात. घंटेच्या आधीच मान वर आली का? तर थांबा लांब आहे, किंवा मुलाने प्रयत्न सोडला आहे. कोणतं ते वहीवरून कळतं. घंटा झाल्यावरही मान खालीच राहिली का? तर सेकंद वाढवा.

मग पाठ सगळ्यांना गेला की मुलांच्या वह्या बघा. तीन ओळींपैकी पहिली, अंदाजाची, सगळ्यात जास्त सांगते. सगळ्या मुलांच्या वहीत पहिल्या ओळीवर ‘कमी’ हेच बरोबर उत्तर असेल तर खूश होऊ नका. बहुधा त्यांनी ती ओळ उत्तर ऐकल्यावर भरली आहे, म्हणजे पहिला थांबा त्यांनी ओलांडला. अशा वेळी पहिल्या थांब्याची सूचना बदला: ‘अंदाज पेनाने लिही, खोडू नकोस. चुकला तरी चालेल.’ आणि दुसरी ओळ कोरी राहून तिसरी मात्र भरलेली असेल, तर पंचेचाळीस सेकंद कमी पडले आहेत. तिथे साठ करा आणि ते पंधरा सेकंद प्रसंग किंवा भाववाढ सांगण्याच्या बोलण्यातून काढा. कारणाचं मिनिट कापू नका.